‘चादर रंग जाणे’ : याला उत्तर कसं लिहावं?

प्रश्न : आमचं चादरींचं दुकान आहे. मोबाइलवर काही गिऱ्हाइकं नुसतं ‘चादर रंग जाणे’ एवढंच पाठवतात. हे वाक्य म्हणायचं का? उत्तर त्यांच्यासारखं तुटक द्यावं की नीट वाक्यात?

हे वाक्य नाही, मथळा आहे. शब्दकोशात क्रियापदं ‘-णे’ लावून देतात, तसंच हे. ‘जाणे’ला काळ नाही, पुरुष नाही, प्रश्न आहे की तक्रार तेही नाही. ‘चादरीचा’मधला प्रत्ययही गळालाय. शोधाच्या चौकटीत शब्द टाकायची सवय झाली की माणूस दुकानदारालाही तसंच लिहितो. त्यात उद्धटपणा शोधू नका.

गोची आहे ती ‘जाणे’त. धुताना पाण्यात उतरतो तो रंग ‘सुटतो’, उन्हात फिका पडतो तो ‘विटतो’. ‘जातो’ दोन्हीला चालतं. त्यात चादर अजून घ्यायचीय की घरी धुऊन झालीय, हेही कळत नाही. म्हणून त्याच्याच शब्दांपासून सुरुवात करून दोन्ही अर्थ उलगडावेत आणि शेवटी एकच प्रश्न विचारावा :

‘चादरीचा रंग : गडद रंग पहिल्या धुण्यात थोडा सुटू शकतो, वेगळी धुवा. कडक उन्हात विटतो, सावलीत वाळवा. चादर घ्यायचीय की घेतलेलीचा रंग गेलाय?’

वर ‘आपल्या चौकशीबद्दल मनःपूर्वक आभार’ वगैरे नको. त्याची नजर ‘रंग’ हा शब्द शोधत असते.

आता हे बघा : ‘काकू म्हणाल्या तुमच्या चादरीचा रंग जात नाही. खरं ना? मुलीच्या रुखवतात मरून रंगाची ठेवायचीय.’ इथे ‘का’ नाही, ‘ना’ आहे. ‘का’ माहिती मागतो, ‘ना’ दिलासा मागतो. वरचा मजकूर इथे चिकटवलात तर बाई दुखावतील. ‘मरून गडद रंग आहे, पहिल्या धुण्यात थोडा सुटेल, तेव्हा अगदी जात नाही असं मी म्हणणार नाही. रुखवतात ठेवायला मात्र काही अडचण नाही,’ असं लिहा. आधी ‘खरं ना’चा निकाल, मग रुखवत.

एका शब्दावर मात्र लक्ष ठेवा. ‘चादर रंग गेला’ हेही तीनच शब्द, पण ‘गेला’ म्हणजे घडून गेलंय. ती तक्रार आहे. सोलापूरच्या चाटी गल्लीत भावाच्या दुकानी बसलो असताना मी अशा एका मेसेजला धुण्याच्या सूचना पाठवल्या होत्या. पलीकडून फोनच आला, आणि तो मुळीच तुटक नव्हता.

सोलापुरात आणखी एक भानगड : घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारं माणूस मराठी लिहिताना प्रत्ययाची खात्री नसली की गाळून टाकतं. त्याचं तुटकपण शोधाच्या सवयीचं नसतं. म्हणून उत्तर आखूड ठेवा, पण प्रत्यय गाळू नका. ‘रंग सुटणे थोडे’ असं तुम्हीही लिहिलंत, तर कोडं दोघांनाही पडेल.