डीमर्जर झालं की तुकड्यांची बेरीज अख्ख्यापेक्षा जास्त का भरते?

प्रश्न: माझ्याकडे एका कंपनीचे ४०० शेअर आहेत. ती आता फायनान्सचा धंदा वेगळा काढून त्याचे शेअर आम्हाला देणार म्हणते. कारखाना तोच, माणसं तीच. भाकरीचे दोन तुकडे केले म्हणून पोट जास्त भरतं का?

उत्तर:

भाकरीचं भरत नाही. पण आपल्या पुण्यातलं आकुर्डीचं उदाहरण बघा.

जुन्या बजाज ऑटोच्या पोटात दुचाकी-रिक्षांचा कारखाना होता, आलियान्झबरोबरच्या दोन विमा कंपन्यांत ७४ टक्के हिस्सा होता, पवनचक्क्या होत्या आणि भरपूर शिल्लक पैसा होता. २००७ मध्ये विभाजन जाहीर झालं. एका जुन्या शेअरमागे नव्या बजाज ऑटोचा एक आणि बजाज फिनसर्व्हचा एक शेअर मिळाला. हातातला जुना शेअर बजाज होल्डिंग्जचा झाला. दोन्ही नवे शेअर २६ मे २००८ ला बाजारात आले. माझ्या वडिलांकडे थोडे होते, ते म्हणाले, "कागद वाढले, बाकी काय?"

बाकी काय, ते आयुर्विम्याच्या हिशोबात दडलेलं असतं. नवी पॉलिसी विकली की एजंटाचं कमिशन आणि खर्च पहिल्याच वर्षी नावे पडतो, नफा मात्र पुढची पंधरा-वीस वर्षं थोडाथोडा येतो. म्हणजे धंदा जितका जोरात वाढतो तितका सुरुवातीला तोटा मोठा दिसतो.

आकडे कल्पित घेऊ. गाड्यांचा नफा १०० कोटी आणि अशा कंपनीला बाजार नफ्याच्या १५ पट देतो, म्हणजे १,५०० कोटी. विमा वाढतोय म्हणून २० कोटी तोटा दाखवतो. एकत्र नफा ८०, गुणिले १५, म्हणजे १,२०० कोटी. बाजाराने विम्याची किंमत नकळत उणे ३०० धरली! तोच विमा वेगळा ठेवला, तर विम्यातले जाणकार हातातल्या पॉलिसींतून पुढे येणारा नफा मोजतील आणि समजा ४०० कोटी देतील. बेरीज १,९००.

आता, बाजार इतका भोळा नसतो. विश्लेषक प्रत्येक धंदा वेगळा मोजतातच. तरीही फरक उरतो, आणि माझ्या मते तो अविश्वासाचा असतो. गाड्यांवर कमावलेला पैसा मालक उद्या विम्यात ओततील की लाभांश देतील, हे गाड्यांसाठी शेअर घेणाऱ्याला कळत नाही. म्हणून तो आधीच भाव पाडून मागतो. वेगळी कंपनी, वेगळी तिजोरी झाली की ती धास्ती कमी होते.

याचा पुरावा त्याच विभाजनातला तिसरा तुकडा, बजाज होल्डिंग्ज. तिच्याकडे मुख्यतः बजाज ऑटो आणि फिनसर्व्हचेच शेअर आहेत, ज्यांचा भाव रोज पडद्यावर दिसतो. तरी तिचं बाजारमूल्य वर्षानुवर्षं त्या शेअरांच्या किमतीच्या साधारण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली राहिलंय. कारण ते शेअर प्रवर्तक विकणार नाहीत, आणि विकले तर कर लागेल. डब्यात सोनं आहे, पण डबा उघडत नाही. नुसते तुकडे केल्याने भाव मिळाला असता, तर या तुकड्यालाही मिळाला असता.

तुमच्या बाबतीत एक नीट वाचा: वेगळा निघणारा धंदा थेट तुमच्या हातात येतोय, की कंपनी फक्त त्याचा थोडा हिस्सा आयपीओत विकतेय? बजाज हाउसिंग फायनान्सचं सप्टेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या प्रकारचं झालं. ७० रुपयांना दिलेला शेअर १५० ला उघडला, पण बजाज फायनान्सच्या भागधारकाला थेट काही मिळालं नाही. ८८.७५ टक्के हिस्सा मूळ कंपनीकडेच राहिला. शिवाय तिथे मुख्य निमित्त रिझर्व्ह बँकेच्या सूचीबद्धतेच्या नियमाचं होतं. आणि अकरा टक्क्यांच्या खरेदी-विक्रीतून ठरलेल्या भावाने उरलेला हिस्सा गुणला, तर आकडा फुगतो. तेवढा हिस्सा एकदम विकायला काढला, तर तो भाव टिकायचा नाही.

तुमच्याकडे थेट शेअर येणार आहेत, म्हणजे पहिला प्रकार. मग योजनेच्या कागदात कर्ज कुठे जातंय ते शोधा. चांगल्या धंद्याला हलकं करून सगळं कर्ज दुसऱ्यावर टाकलं असेल, तर बेरीज वाढलेली नसते, ओझं फक्त हललेलं असतं. फायनान्सवाल्यांचं निम्मं कर्जवाटप मूळ कंपनीच्या गिऱ्हाइकांना असेल, तर वेगळं झाल्यावर ते कुठल्या कराराने टिकणार, तेही पाहा.

लिस्टिंगच्या दिवशी घाईने विकू नका. ज्यांना फायनान्स नकोच होतं ते फंड तेव्हा बाहेर पडतात आणि भाव दबतो. २००८ मध्ये तर वर्षअखेरीस अख्खा बाजारच कोसळला होता, त्यामुळे तेव्हाच्या भावावरून कोणी निष्कर्ष काढला असता तर फसला असता. आणि विकाल तेव्हा खरेदीची किंमत बाजारभावाच्या प्रमाणात वाटू नका. ती हस्तांतरित मालमत्तेच्या पुस्तकी किमतीच्या प्रमाणात वाटायची असते आणि ते प्रमाण कंपनी कळवते. वडिलांचं ते पत्र आम्ही हरवलं होतं. ४०० शेअरांचं तुमचं तरी जपून ठेवा.