पहिल्या बॉक्स जंपसाठी उंची कशी ठरवावी?

*प्रश्न: वय ३४, आठवड्यातून तीनदा पळतो, दुखापत नाही. दांडिया बाजाराजवळच्या आमच्या जिममध्ये २०, २४ आणि ३० इंची बाजूंचा लाकडी बॉक्स आहे. ट्रेनर म्हणतो २४ पासून सुरू कर. वडोदऱ्यात कुणी केलंय का? पहिल्या दिवशी किती उंची बरी?*

२४ नको, आणि पहिल्या दिवशी २० पण नको. का, ते एका मापातून कळेल.

भिंतीला बाजू लावून उभे राहा, हात ताणून खडूची खूण करा. मग जागेवरून उडी मारून दुसरी खूण. दोन्हींतलं अंतर म्हणजे साधारण तुमची उडी. समजा ती ३५ सेंमी आली. २४ इंच म्हणजे ६१ सेंमी. शरीर वर गेलं ३५, उरलेले २६ सेंमी येणार कुठून? गुडघे छातीकडे ओढून. म्हणजे बॉक्सवर पाय टेकतानाच तुम्ही खोल बैठकीत असता आणि धक्का झेलायला गुडघ्यात-कमरेत जागाच उरत नाही. बोटं कडेला अडकून नडगी सोलवटते तीही अशाच उडीत. म्हणून पहिल्या दिवशी बॉक्स आपल्या उडीपेक्षा ठेंगणाच हवा. तुमच्यासाठी आधी २० सेंमीचा एरोबिक स्टेपर घ्या. तो नीट जमला तर ३० सेंमी. त्यासाठी रबरी प्लेटांची थप्पी चालते, पण ती रुंद हवी आणि सरकता कामा नये.

आता लँडिंग. उडीआधी जितके वाकता तितकंच वाकून वर उतरायचं, ही माझी मुख्य कसोटी. कंबर गुडघ्याच्या खाली गेली की उंची जास्त झाली. दोन्ही तळवे एकदम आणि पूर्ण बॉक्सवर हवेत. टाच कडेबाहेर लोंबकळली तर सगळा भार पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर येतो, शिवाय मागे पडायची भीती. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेत राहू द्या. ते आत झुकतात का, हे आरशात उडताना दिसत नाही. मोबाइल समोर ठेवून व्हिडिओ काढा, दुसरा बाजूने काढा. उतरल्यावर दोन सेकंद तसेच थांबा. पाऊल सरकवावं लागलं तर ती उडी धरू नका. धप्प आवाज आला तर धक्का स्नायूंनी झेललेला नाही.

मग ताठ उभे राहा आणि एकेक पाय टाकत खाली या. मागे उडी मारून उतरू नका. वर जाताना बॉक्स तुम्हाला उडीच्या टोकाजवळ भेटतो, म्हणून पडणं थोडंच असतं. खाली उडी मारली की पूर्ण उंचीचा धक्का बसतो, आणि ती तयारी वेगळी लागते.

तीन-तीन उड्यांचे पाच सेट, मध्ये दीड मिनिट विश्रांती. पळून आल्यावर करू नका, पाय ताजे असताना करा. लँडिंग खोल किंवा आवाजी व्हायला लागलं की सेट उरले असले तरी थांबा. २० इंची बाजू पुढच्या काही आठवड्यांत, ३० सेंमीवरची प्रत्येक उडी व्हिडिओत सारखी दिसायला लागल्यावर.