एका पॅलेटवर किती खोकी बसतील?

प्रश्न: १२०० बाय १००० च्या पॅलेटवर ४००×३००×२५० मिमीची खोकी एका थरात किती, आणि ट्रकमध्ये किती उंच लावायची?

एका थरात १०. एका ओळीत ३०० ची बाजू पॅलेटच्या लांबीला लावा, ४ बसतात. उरलेल्या दोन ओळींत ४०० ची, ३-३. पुढचा थर उलटा फिरवा, म्हणजे बहुतेक सांधे एकावर एक येत नाहीत.

उंची ट्रकच्या दारात मोजा, आत नाही. दाराची चौकट बहुधा खाली असते. दार २४०० असेल तर पॅलेटचे १५० आणि फोर्कलिफ्टने उचलायला १०० सोडून २१५० उरतात, म्हणजे ८ थर, ८० खोकी. पण खोकं १२ किलोचं असेल तर तळच्यावर ८४ किलो येतात. खालची खोकी पोट काढू लागली की दोन थर कमी करा.