बर्फ तीन थरांत पाडा

एडिटिंग करून फोटोत पडणारा बर्फ दाखवायचा असेल, तर सगळा बर्फ एकाच लेयरवर टाकू नकोस, तीन कर. प्रत्येकावर काळ्यावर पांढरे ठिपके, ब्लेंड मोड Screen, म्हणजे काळं आपोआप नाहीसं होतं. समज, फोटोत फोकस माणसावर आहे. त्याच्या अंतरावरचे ठिपके मध्यम आणि स्पष्ट ठेव. मागचे बारीक, दाट, जरा धूसर. आणि या लेयरला मास्क लावून माणसाच्या अंगावरचे ठिपके झाक. नवखे नेमकं हेच विसरतात, मग मागचा बर्फ कोटावर चिकटलेला दिसतो. कॅमेऱ्याजवळचे मोजकेच, मोठे, भरपूर Gaussian Blur दिलेले. ब्लरने ते फिके पडतील, पडू देत. उजळवलेस तर लेन्सवरचे डाग वाटतात. पाऊस हवा असेल तर Motion Blur दे: कोन तिन्ही लेयरना जवळपास सारखाच, रेघा मात्र जवळच्या लेयरवर सर्वांत लांब.