पाण्यावरचा काचेचा दिवा लुकलुकतो: बग रिपोर्टमध्ये काय लिहावं?

प्रश्न: युनिटीत बनवलेल्या आमच्या मोबाइल गेममध्ये तळ्यावर तरंगणारा काचेचा दिवा मध्येच पाण्याखाली गेल्यासारखा दिसतो, लगेच परत वर येतो. मी टेस्टर आहे. ‘दिवा फ्लिकर होतो’ एवढं लिहिलं तर डेव्हलपर ‘आमच्याकडे दिसत नाही’ म्हणून परत पाठवतात. काय लिहू?

उत्तर: आधी नीट बघा, लुकलुकतंय ते नक्की काय. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासल्यासारखे तुटक पट्टे दिसत असतील, तर ते झेड-फायटिंग असतं. तुमच्याकडे अख्खा दिवा एकदम पाण्याच्या रंगात बुडतो आणि एकदम मोकळा होतो, म्हणजे संशय सॉर्टिंगवर, म्हणजे वस्तू पडद्यावर कोणत्या क्रमाने रेखाटल्या जातात त्यावर जातो.

प्रत्येक पिक्सेलवरची वस्तू किती लांब आहे याची नोंद डेप्थ बफरमध्ये असते, पण पारदर्शक मटेरियल सहसा त्यात काही लिहीत नाही. त्यामुळे कोण पुढे दिसणार हे कोण नंतर काढलं जातं यावर ठरतं. सॉर्टिंग ऑर्डर आणि रेंडर क्यू सारखे असले की युनिटी लांबची वस्तू आधी काढते, आणि अंतर मोजते ते वस्तूच्या मध्यापर्यंत. खरी अडचण इथेच आहे, कारण तळं कितीही पसरलेलं असलं तरी त्याचा मध्य एकच.

उदाहरण घ्या. कॅमेरा पाण्यापासून 6 मीटर उंच आणि तळ्याच्या मध्यापासून आडवा 20 मीटर लांब आहे. मध्यापर्यंतचं अंतर झालं 20.88. दिवा मध्याच्या 10 सेंटिमीटर पलीकडे आहे आणि लाटेवर हलतोय. त्याचा मध्य पाण्यापासून 0.5 मीटर वर असताना अंतर 20.84, म्हणून तो पाण्यानंतर काढला जातो आणि बरोबर दिसतो. 0.3 मीटरवर आला की अंतर 20.89 होतं, तो आधी काढला जातो आणि त्यावर पाणी चढतं. प्रत्येक लाटेला हेच. कॅमेरा थोडा दुसरीकडे नेला की बग गायब होतो, म्हणूनच डेव्हलपरना दिसत नाही.

तेव्हा रिपोर्टमध्ये फोनच्या मॉडेलइतकीच कॅमेऱ्याची नेमकी जागा आणि कोन द्या. मी असं लिहीन:

> तळ्याच्या दक्षिण काठावर उभे राहा, कॅमेरा न हलवता मधल्या दिव्याकडे बघा. अपेक्षित: दिवा कायम पाण्यावर. प्रत्यक्षात: लाट खाली गेली की पूर्ण दिव्यावर पाण्याचा रंग चढतो. लाटेचं अ‍ॅनिमेशन थांबवल्यावर लुकलुकणं थांबतं.

शेवटचं वाक्य गाळू नका, डेव्हलपरला दिशा तिथूनच मिळते. शक्य असेल तर Frame Debugger मधले दोन स्क्रीनशॉट जोडा, एक दिवा बरोबर दिसतानाचा आणि एक चुकतानाचा. दोन्हींत पाणी आणि दिवा यांच्या ड्रॉ कॉलचा क्रम उलटा दिसला, तर वादच उरत नाही.

दुरुस्ती बहुधा एका ओळीची असते, दिव्यावर:

```csharp
GetComponent<Renderer>().sortingOrder = 1;
```

पण गेममध्ये कॅमेरा पाण्याखाली जात असेल तर तेही रिपोर्टमध्ये नोंदवा. खालून बघताना पाणी दिव्याच्या अलीकडे असतं, आणि हाच ठरवून दिलेला क्रम तिथे चुकीचा ठरेल.