सातच्या कॉफीला दहापैकी चार

*प्रश्न: तुमच्यापेक्षा वयाने खूप लहान, अगदी अनोळखी माणसाशी कधी मैत्री झाली आहे का? नेमकी कशावरून झाली?*

झाली आहे. आंबट कॉफीवरून.

मी माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हा आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि आम्ही कोथरूडमध्येच दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. तिथे पाइपचा गॅस सुरू व्हायला बारा दिवस लागले. घरात एकच इंडक्शन, आणि सकाळी सातला त्यावर नातवाच्या डब्याची भाजी. मला तर सातला कॉफी लागते. इमारतीच्या तळमजल्यावर एक छोटा कॅफे होता. नाइलाजाने खाली उतरले.

काउंटरमागे बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. मी त्याला आमच्या घरची कॉफी सांगितली: निम्मं दूध, निम्मं पाणी, दोन चमचे साखर, वर जायफळ. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, जायफळ नाहीये. कॅपुचिनो देऊ का?" दिली. मी दोन घोट घेतले आणि उरलेली तशीच ठेवून निघाले. जाताना दारातल्या फळ्यावर 'ताजि कॉफि' लिहिलेलं दिसलं. हात शिवशिवले. तिथलाच खडू उचलून दोन्ही वेलांट्या दुरुस्त केल्या. मागून आवाज आला, "तुम्ही शाळेत होता ना? आमच्या बार्शीच्या बाई पण अशाच करायच्या." त्या दिवसापासून मी मॅडमची बाई झाले.

दुसऱ्या दिवशी त्याने सरळ विचारलं, "बाई, काल अर्धी का ठेवली?" आंबट होती म्हणून, असं मी सांगितलं. मला वाटलं रागावेल. तो उलट हळूच म्हणाला, "मला पण तसंच वाटायलंय. पण फक्त सकाळचीच. नऊनंतर कुणी तक्रार करत नाही."

इतका चांगला प्रश्न वर्गात वर्षातून एखाद्या वेळी येतो. मशीन तेच, बिया त्याच, हात तोच, मग सातला आंबट आणि नऊला गोड असं का? गॅस आल्यावरही मी खाली जात राहिले ती यासाठीच. घरी कारण सांगितलं नाही.

आमचा करार असा ठरला. दिवसाचा पहिला शॉट, म्हणजे मशीनमधून निघालेली घोटभर बिनदुधाची कॉफी, एरवी मोरीत जातो, तो चवीपुरता मला द्यायचा. मी त्याला दहापैकी गुण देणार. नंतर माझी कॅपुचिनो पूर्ण पैसे देऊन. सगळं दोनशे पानी वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी मी चार दिले. "बाई, पासिंगपुरते तरी द्या की," म्हणाला. नाही दिले. ती चव अजून आठवते. जिभेच्या कडांना झोंबायची आणि घोट गिळला की तिथेच संपायची, मागे काही उरायचं नाही.

त्याचं प्रमाण ठरलेलं होतं: १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम कॉफी, आणि त्याला साधारण २७ सेकंद. प्रत्येक वेळी तो छोट्या काट्यावर तोलायचा, सेकंद मोजायचा. कॉफीतून आंबटपणा सगळ्यात आधी उतरतो, गोडवा त्याच्या मागून आणि कडूपणा शेवटी, हे मला त्यानेच शिकवलं. म्हणजे कॉफी आंबट लागते तेव्हा पाण्याने आपलं काम अर्ध्यावर सोडलेलं असतं.

यावर मी लगेच बाईपणा केला. जुलै होता, हवा दमट. म्हटलं, पूड जाड पडत असणार, पाणी भरकन निघून जातंय, ग्राइंडर बारीक कर. तो म्हणाला, वेळ तर २७ सेकंदच येतेय. मी म्हटलं, करून तर बघ. केलं. शॉट ४१ सेकंद रेंगाळला आणि चव आंबट आणि वर कडू अशी दुहेरी लागली. त्याच सेटिंगवर नऊला काढलेला शॉट नुसता कडूढोण. त्याने वहीत लिहिलं, 'बाईंच्या सांगण्यावरून बारीक केले. २ गुण.' गुण त्यानेच दिले होते. मला वाईट वाटायला हवं होतं, पण हसूच आलं. वर्गात इतक्या शांतपणे माझी चूक कुणी मांडून दाखवली नव्हती.

पण त्या फसलेल्या प्रयोगाने एक गोष्ट पक्की केली. दळण एकच असूनही सातची आणि नऊची चव वेगळी लागत असेल, तर दोष दळणात नाही. रात्री ग्राइंडरमध्ये अडकून राहिलेली शिळी पूड? ती तो रोज पहिली पाच-सहा ग्रॅम टाकून देतच होता. दूध तर शॉटमध्ये नसतंच. उरलं काय? पाणी. आणि पाणी ज्यातून येतं ते धातू.

दूध तापवताना वापरायचा थर्मामीटर त्याच्याकडे होता. दूध साठ-पासष्ट अंशांच्या वर गेलं की त्याची गोडी जाते, म्हणून. आम्ही हँडल, म्हणजे ज्यात पूड दाबतात ते पोर्टाफिल्टर, लावून, पण पूड न घालता, मशीनचं पाणी कागदी कपात घेतलं. सात वाजून पाच मिनिटांनी ७८ अंश. नऊ वाजता ८७. कपात पडताना पाणी थोडं निवतंच, त्यामुळे आकडे खरे धरायचे नाहीत, पण दोन्ही वेळा कप तोच आणि पद्धत तीच. मधला नऊ अंशांचा फरक खरा.

मग त्याच्याकडून रात्रीपासूनचा क्रम वदवून घेतला. रात्री हँडल धुऊन फडक्यावर पालथं घालायचं. सकाळी पावणेसातला मशीन चालू. सातला हिरवा दिवा लागला की काम सुरू. वीज वाचावी म्हणून मशीन त्याआधी चालू करायचं नाही, अशी मालकांची ताकीद. आता हिरवा दिवा सांगतो ते आतल्या बॉयलरबद्दल. पाणी जिथून बाहेर पडतं तो जाडजूड धातूचा भाग पंधरा मिनिटांत काय तापणार! आणि हँडल तर रात्रभर फडक्यावर थंडगार.

मी बिलाच्या पाठीमागे गणित मांडलं. दहावीचंच आहे, विशिष्ट उष्माधारकता. हँडल पितळेचं, काट्यावर ठेवलं तर ५०० ग्रॅमच्या आसपास. पितळेची उष्माधारकता पाण्याच्या साधारण ०.०९ पट, म्हणजे हे अर्धा किलो पितळ उष्णतेच्या हिशोबात ४५ ग्रॅम पाण्याइतकं. एका शॉटला पाणी लागतं पन्नासेक ग्रॅम, कारण थोडं पुडीतच राहतं. म्हणजे ९३ अंशांच्या पन्नास ग्रॅम पाण्यात तू जवळजवळ तेवढंच २७ अंशांचं गार पाणी ओततोयस. देवाणघेवाण पुरती झाली तर पाणी ६२ वर येईल.

तो बराच वेळ कागदाकडे बघत होता. मग म्हणाला, "पण बाई, पुरती होत नाही ना. पाणी हँडलला नुसतं चाटून जातं, आणि मागून गरम येतच असतं." अगदी बरोबर. म्हणूनच ६२ नाही, ७८. मी त्या आक्षेपावर वेगळे गुण दिले.

उपाय दोन होते: हँडल रात्रभर आणि तापतानाही मशीनलाच अडकवून ठेवायचं, आणि मशीन वीस-पंचवीस मिनिटं आधी चालू करायचं. त्याला दोन्ही एकदम करून मोकळं व्हायचं होतं. मी ऐकलं नाही. दोन्ही एकदम केलं तर कशाने सुधारलं ते कसं कळणार? पहिल्या दिवशी फक्त हँडल अडकवलं, सहा गुण. दुसऱ्या दिवशी हँडल फडक्यावर, पण मशीन सहा वीसला, पुन्हा सहा. तिसऱ्या दिवशी दोन्ही केलं आणि पूड भरण्याआधी रिकाम्या हँडलमधून थोडं गरम पाणीही सोडलं. तो शॉट मी तोंडात धरून ठेवला. आंबटपणा होता, पण मागून गुळासारखं काहीतरी येत होतं आणि ते रेंगाळत होतं. आठ दिले. त्याने वही बंद केली आणि माझ्यासमोरच दुसरा कप काढून स्वतः प्यायला. तोवर मी त्याला कधी कॉफी पिताना पाहिलंच नव्हतं.

मालकांचा प्रश्न राहिला होता. सहा वीसला मशीन चालू करणं म्हणजे ताकीद मोडणं. मी म्हटलं, मी बोलते. तो म्हणाला, "तुम्ही बोललात तर गिऱ्हाइकानं चुगली केली असं होईल." मग त्याने आठवडाभर सबमीटरचे आकडे घेतले. जास्तीची वीज दिवसाला अर्ध्या युनिटच्या थोडी वर निघाली, म्हणजे एका कॅपुचिनोच्या किमतीपुढे काहीच नाही. वही घेऊन तोच एकटा बोलला. मी बाहेर बाकावर पेपर धरून बसले होते, वाचलं काही नाही. मालकांनी आकडे दोनदा तपासले आणि 'बरं' म्हणाले. तेवढंच.

पुढे नऊ महिने हे चाललं. तो वारज्याहून सायकलवर यायचा, चौघांच्या खोलीतल्या भांडणांच्या गोष्टी सांगायचा. मी साखर सोडली, त्याच्या भाषेत सांगायचं तर 'पास झाले'. दिवाळीत त्याने एक जायफळ आणि बोटाएवढी किसणी आणून काउंटरखाली ठेवली. माझ्यासाठी म्हणे. मी दोनदा वापरली असेल. दुधाच्या फेसावर जायफळ बरं लागतं, पण ती वेगळीच वस्तू होते, घरची नाही.

एप्रिलमध्ये तो चिकमंगळूरकडे कॉफी भाजायच्या कामाला गेला. मला आदल्या दिवशी सांगितलं. सांगायला उशीर झाला म्हणून मी जरा फुगलेच होते.

नंतरच्या सोमवारी काउंटरमागे एक नवी मुलगी. सातला कप आला. एकच घोट घेतला आणि उठून काउंटरपाशी गेले. हँडल फडक्यावर पालथं पडलेलं. हात लावला, गार. "रात्री हे मशीनला अडकवून नाही ठेवलं का गं?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही बाई का?"

आणि ती दोनशे पानी वही काढून तिने शेवटचं पान समोर धरलं. अक्षर त्याचंच होतं: 'चव बिघडल्यास सातच्या बाईंना विचारणे. ग्राइंडर बारीक करायला सांगितलं तर करू नये.'