हप्ता बंद ठेवायचा की नुसतं व्याज भरायचं?

प्रश्न: पुढच्या महिन्यापासून पगार बंद होतोय. बँकेला आत्ता सांगू की हप्ता चुकल्यावर?

आत्ता. हप्ता चुकायच्या आधी खातं स्वच्छ असतं, तेव्हा बोलणी सोपी जातात.

प्रश्न: मित्र म्हणतो तीन महिने काहीच भरू नको, मग बँक स्वतःच कमी पैशात मिटवायला येते. खरंय का?

नाही, आणि हे ऐकून माझ्याकडे उशिरा येणारे लोक बघितले की वाईट वाटतं. मित्र सांगतोय ती सेटलमेंट. त्यात बँक आपला तोटा मान्य करून खातं बंद करते, बहुतेक वेळा एकरकमी पैसे मागते (पगार नसताना ते आणणार कुठून?) आणि पुढे कर्ज मागायला गेलात की हे रेकॉर्डवर दिसू शकतं. तुम्हाला हवंय ते रिशेड्यूल, म्हणजे कर्ज पूर्णच फेडायचं, फक्त वेळापत्रक बदलून. तीन महिने गप्प बसलात तर दंड चढतो, वसुलीचे फोन सुरू होतात आणि रिशेड्यूलसाठीची तुमची बाजू कमजोर होते.

प्रश्न: सहा महिने हप्ता पूर्ण बंद ठेवायची ऑफर आलीय. फुकट सवलत आहे तर घेऊन टाकू ना?

फुकट नाहीये, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. समजा मुद्दल 10 लाख बाकी आहे, व्याज वर्षाला 12 टक्के म्हणजे महिन्याला 1 टक्का, आणि 60 हप्ते राहिलेत. हप्ता येतो साधारण 22,244. आता सहा महिने काहीच भरलं नाही आणि दर महिन्याचं व्याज मुद्दलात मिळवलं गेलं, तर सहा महिन्यांनी बाकी होते सुमारे 10 लाख 61 हजार 500. पुढे तोच हप्ता चालू ठेवलात तर 60 च्या जागी 65 हप्ते पूर्ण आणि वर एक छोटासा भरावा लागतो. म्हणजे एकूण सुमारे 1 लाख 15 हजार जास्त जातात, आणि कर्ज मूळ तारखेपेक्षा जवळपास वर्षभर उशिरा संपतं.

आता दुसरा रस्ता बघा. त्याच सहा महिन्यांत फक्त व्याज भरलं, म्हणजे महिन्याला 10,000, तर मुद्दल 10 लाखच राहतं, नंतर ठरलेले 60 हप्ते सुरू होतात आणि जास्तीचे जातात फक्त 60,000. म्हणून बोलायला जाताना पहिली मागणी हीच ठेवा की मला पूर्ण सुट्टी नको, इतके महिने फक्त व्याज भरू द्या. तेवढंही झेपत नसेल तर पूर्ण सुट्टी घ्या, ती चुकवलेल्या हप्त्यांपेक्षा बरीच, पण व्याज मुद्दलात कधी मिळवणार आणि त्यानंतर हप्ता वाढणार की मुदत वाढणार हे आधी विचारा. हे आकडे माझ्या उदाहरणातले आहेत, तुमच्या कर्जाचं सुधारित वेळापत्रक बँकेकडून मागून घ्या आणि सही करायच्या आधी एखाद्या जाणत्या सल्लागाराला दाखवा.

प्रश्न: अर्जात काय लिहू?

उत्पन्न कधी थांबलं, कधी सुरू व्हायची शक्यता आहे आणि त्याचा पुरावा, घरात आत्ता किती येतं, किती जातं, आणि महिन्याला किती भरू शकाल. हा शेवटचा आकडा उत्साहात फुगवू नका. लोक बँकेला खूश करायला जास्त बोलतात आणि दुसऱ्याच महिन्यात नवा हप्ताही चुकतो, मग परत दार उघडायला बँक तयार नसते. जोडीने घेतलेलं कर्ज असेल किंवा जामीनदार असेल तर त्यांच्याशी आधी बोला, त्यांच्याही सह्या लागू शकतात.

प्रश्न: फोनवरचा माणूस म्हणाला, "झालं तुमचं काम". पुरे ना?

अजिबात नाही. लेखी मंजुरी हातात येईपर्यंत जुनाच हप्ता चालू आहे असं धरा. आणि खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता बदललाय का ते विचारा, कारण मंजुरी एका विभागात होते आणि कपात दुसरीकडून चालूच राहते, पैसे नसले की हप्ता बाउन्स होतो आणि दंड लागतो. हा प्रकार मी वारंवार बघतो.

प्रश्न: एक एजंट फी घेऊन सगळं करून देतो म्हणतोय, आणि सांगतोय की बँकेशी तुम्ही बोलूच नका.

आगाऊ फी देऊ नका. बँकेशी बोलू नका म्हणणाऱ्यापासून लांब राहा, कारण त्या काळात दंड तुमच्याच खात्यावर चढत असतो, त्याच्या नाही. अर्ज तुम्ही स्वतः देऊ शकता. बँकेची नोटीस आधीच आली असेल तर मात्र आधी वकिलाला दाखवा, मग उत्तर द्या.